गुलाबजाम एकच होता

बारशाचं जेवण आहे. गेले दोन आठवडे साखर बंद, भात बंद, संध्याकाळी सातनंतर तोंडाला कुलूप. सगळं नेटाने चाललंय. तेवढ्यात यजमानीणबाई वाढायला येतात, "अहो, एक तरी घ्या, तोंड गोड करा," म्हणतात आणि एक गुलाबजाम पानात पडतो, मग पोटात जातो.

हिशेबाने बघायचं तर काय झालं? मध्यम आकाराच्या एका गुलाबजामात साधारण दीडशे कॅलरी असतात, म्हणजे तेल लावलेल्या दीडेक पोळीइतक्या. दोन आठवड्यांच्या पथ्यात ही चिल्लर झाली. पण गोष्ट इथे थांबत नाही. "आता मोडलंच आहे, तर होऊन जाऊ दे," असं मनात येतं आणि आणखी तीन गुलाबजाम, दुसऱ्यांदा मसालेभात, पुऱ्या असा प्रवास सुरू होतो. घरी आल्यावर चिवड्याचा डबा उघडतो. फ्रीजमधलं आइस्क्रीम उभ्याउभ्याच संपतं. पोट दुखायला लागल्यावर झोपताना निश्चय होतो: सोमवारपासून एकदम कडक.

जो माणूस दीडशे कॅलरींची धास्ती घेतो, तोच पुढच्या चार तासांत दीड हजार कॅलरींना वाट करून देतो. हिशेब तर उलटा हवा होता. एक जास्तीचं खाल्लं, म्हणजे पुढे जरा हात आखडता घेतला पाहिजे. तसं का होत नाही?

मिल्कशेकचा प्रयोग

हा प्रश्न मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत नेला. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी अमेरिकेत कॉलेजच्या विद्यार्थिनींवर केलेला प्रयोग १९७५ साली प्रसिद्ध झाला. मुलींना सांगितलं होतं की ही चवीची चाचणी आहे. काहींना आधी काहीच दिलं नाही, काहींना एक मिल्कशेक दिला, काहींना दोन. मग प्रत्येकीसमोर वेगवेगळ्या स्वादांचं आइस्क्रीम ठेवलं. चव घेऊन गुण द्यायचे आणि हवं तेवढं खायचं. खरं तर संशोधक मोजत होते ते किती आइस्क्रीम संपलं हे.

ज्या मुली एरवी खाण्यावर फारसं लक्ष ठेवत नसत, त्यांचं वागणं अपेक्षेप्रमाणेच होतं. मिल्कशेक प्यायल्यावर त्यांनी आइस्क्रीम कमी खाल्लं. पण ज्या सतत वजनाचा विचार करून खाणं दाबून ठेवत, त्यांचं उलटं झालं. मिल्कशेक न प्यायलेल्यांनी संयमाने थोडंसं खाल्लं, आणि ज्यांना आधीच मिल्कशेक पाजला होता त्यांनी जास्त खाल्लं. पोट भरलेलं असताना जास्त, रिकामं असताना कमी!

हर्मन पुढे कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठात गेले आणि जॅनेट पोलिवी यांच्याबरोबर त्यांनी या विषयावर अनेक वर्षं काम केलं. इंग्रजीत या प्रकाराला त्यांनी जे नाव दिलं, त्याचा मराठी अवतार आपण सगळेच बोलतो: "मरू दे, आता काय!"

पोटापेक्षा समजूत मोठी

कोणी म्हणेल, गोड पोटात गेलं की गोडाची भूक खवळत असेल, हे साखरेचंच काम असेल. पोलिवींनी १९७६ साली हे तपासलं. त्यांनी लोकांना पुडिंग खायला दिलं आणि त्यात कॅलरी भरपूर आहेत की कमी आहेत याबद्दल वेगवेगळं सांगितलं. नंतरचं खाणं ठरलं ते सांगितलेल्या गोष्टीवरून. पुडिंग "जड" आहे असं समजणाऱ्या पथ्यवाल्यांनी नंतर जास्त खाल्लं, मग ते प्रत्यक्षात जड असो वा हलकं.

२०१० सालचा पिझ्झाचा प्रयोग तर आणखी मजेशीर. सगळ्यांना सारख्याच आकाराचा तुकडा दिला, पण काहींना शेजारच्याचा तुकडा मुद्दाम लहान दिसेल अशी व्यवस्था केली. आपल्या वाट्याला मोठा तुकडा आला आणि आपण मर्यादा ओलांडली असं वाटलेल्या पथ्यवाल्यांनी नंतर बिस्किटं जास्त खाल्ली. पथ्य न करणाऱ्यांनी, तसंच वाटूनही, कमी खाल्ली.

तेव्हा बारशाच्या पंगतीत घात केला तो पाकातल्या साखरेने नव्हे. डोक्यात एक रेषा आखलेली होती आणि ती ओलांडली गेली, या जाणिवेने घात केला. रेषेच्या अलीकडे "मी शिस्तीचा", पलीकडे "मी गेलो कामातून". मधे काहीच नाही. यालाच मानसशास्त्रात सगळं किंवा काहीच नाही अशा पद्धतीचा विचार म्हणतात.

आपल्याकडे ही रेषा आणखी ठळक असते असं मला वाटतं, कारण पथ्याचा साचा आपण उपासाकडून घेतलेला आहे. उपासाच्या दिवशी चुकून शेंगदाण्याऐवजी फुटाणा तोंडात गेला की उपास मोडला. पाव टक्का मोडला असं नसतं. धार्मिक व्रताला हा नियम शोभतो, कारण व्रताला ठरलेला शेवट असतो. एकादशी द्वादशीला सुटते, श्रावण महिनाभराने संपतो. वजनासाठीच्या पथ्याला मात्र असा सन्मानाने सुटण्याचा दिवसच नसतो. त्यामुळे त्याचा शेवट जवळपास नेहमी मोडण्यातच होतो, आणि मोडलं की उपासासारखंच, अर्धवट मोडत नाही.

याच साच्याची दुसरी बाजू म्हणजे गटारी. उद्यापासून बंद म्हणून आज हात धुऊन घ्यायचा. टोरांटोच्या गटानेच २००२ साली दाखवलं की उद्यापासून डाएट सुरू होणार आहे असं नुसतं सांगितलं, तरी पथ्याळू माणसं त्या दिवशी जास्त खातात. "सोमवारपासून" या निश्चयाची किंमत म्हणूनच रविवारी मोजावी लागते.

शरीरही गप्प बसत नाही

सगळा दोष विचारांवर टाकणंही बरोबर नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांवर उपासमारीचा अभ्यास केला. युद्धात लढायला नकार दिलेले हे स्वयंसेवक होते, तब्येतीने आणि मनाने धडधाकट म्हणून निवडलेले. २४ आठवडे त्यांना रोज साधारण १,६०० कॅलरींचं जेवण दिलं: बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी. आज अनेक डाएट तक्त्यांत याहून कमी आकडा असतो, हे जाता जाता लक्षात ठेवा. अर्थात हे तरुण भरपूर चालत होते आणि त्यांची गरज दुप्पट होती.

त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शाने उतरलं. पण कीज यांच्या नोंदींतला खरा धक्का मनाविषयीचा आहे. हे तरुण दिवसरात्र अन्नाबद्दल बोलू लागले. ज्यांना पूर्वी स्वयंपाकात काडीचा रस नव्हता, ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. जेवण तासन्‌तास लांबवू लागले. आणि जेवणावरचं बंधन उठल्यावर काहींनी एका दिवसात हजारो कॅलरी रिचवल्या. पोट फुटेपर्यंत खाऊनही भूक भागत नाही, असं ते सांगत. यातल्या कुणालाही आधी खाण्याची तक्रार नव्हती.

तेव्हा कडक पथ्यानंतर अन्न सतत डोळ्यांपुढे नाचणं हा स्वभावदोष नाही. चरबी घटली की तिच्याकडून मेंदूला जाणारा लेप्टिन या संप्रेरकाचा निरोप कमी होतो आणि मेंदू टंचाई जाहीर करतो. भूक वाढते, अन्नाचा वास आणि रूप जास्त खुणावतं. अशा मेंदूपुढे एक गुलाबजाम आला आणि वर मनातली रेषाही तुटली, की आतून ढकलणारं आणि बाहेरून अडवणारं दोन्ही एकदम बदलतं.

इथे एक सावधगिरी. डाएट केलेला प्रत्येक जण असा सुटत नाही. डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, नियमित खाऊन वजन उतरवणाऱ्या स्थूल व्यक्तींमध्ये अनावर खाणं सहसा वाढत नाही, उलट अनेकदा कमी होतं. धोका आहे तो स्वतःच आखलेल्या, वारंवार उपाशी ठेवणाऱ्या आणि "कधीच नाही" छापाच्या पथ्यात.

एका आठवड्याचा जमाखर्च

आता हे चक्र आकड्यांत मांडून बघू. एक काल्पनिक बाई घ्या. वय चाळीस, बैठं काम, वजन टिकवायला रोज साधारण १,८०० कॅलरी लागतात. सोमवारी त्या १,२०० वर उतरतात. सकाळी फक्त ग्रीन टी, डब्यात काकडी-टोमॅटो आणि उकडलेले मूग, रात्री सूप. रोज ६०० कॅलरींची तूट, शुक्रवारपर्यंत ३,०००.

शनिवारी सकाळी काटा दीड किलो कमी दाखवतो. आनंदीआनंद! पण तीन हजार कॅलरींत इतकी चरबी जातच नाही. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात, म्हणजे गेली असेल जेमतेम ४०० ग्रॅम. उरलेला किलोभर म्हणजे मुख्यतः पाणी. स्नायूंत आणि यकृतात साखरेचा एक साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. त्याच्या दर ग्रॅमला साधारण तीन ग्रॅम पाणी चिकटून राहतं. पिष्टमय पदार्थ आणि मीठ कमी केलं की साठा उतरतो आणि पाणीही निघून जातं.

त्याच दिवशी बारसं. दिवसाचा आकडा ३,०००. रविवारी "सोमवारपासून पुन्हा सुरू करायचंच आहे" म्हणून २,९००. दोन दिवसांत जास्तीचे झाले १,२०० आणि १,१००, मिळून २,३००. आठवड्याची निव्वळ तूट उरली ७००. म्हणजे पाच दिवस जीव मारून चरबी गेली शंभर ग्रॅमच्या आतबाहेर.

सोमवारी सकाळी काट्यावर मात्र दीड किलो परत! पोळी, भात, फरसाणाचं मीठ आलं तसं पाणीही आलं. बाईंचा निष्कर्ष ठरलेला: "एका दिवसात सगळ्यावर पाणी फिरलं, आता हजार कॅलरीच." शनिवारचा काटाही खोटं बोलला होता आणि सोमवारचाही, पण दोन्ही वेळा त्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. चक्राची दोरी ओढण्याचं काम बऱ्याच घरांत हा काटाच करतो. म्हणून वजन रोज बघायचं असेल तर सात दिवसांची सरासरी काढावी, नाहीतर आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी बघावं. तो वार सोमवार नसावा.

आता याच बाई रोज १,५५० कॅलरी खातात असं धरू. सहा दिवसांची तूट १,५००. बारशाच्या दिवशी दोन गुलाबजामांसह मनसोक्त जेवून २,३००, म्हणजे ५०० जास्त. आठवड्याची तूट १,०००. महिन्याला अर्धा किलोच्या आसपास. आकडा काही डोळे दिपवणारा नाही, आणि तोच त्याचा गुण आहे. त्या आठवड्यात उपाशी दिवस नव्हता, "सुटलेला" दिवसही नव्हता, त्यामुळे पुढचा आठवडाही तसाच जाऊ शकतो.

लवचीक म्हणजे ढिलं नव्हे

जर्मन संशोधक योआखिम वेस्टेनहोफर यांनी १९९१ साली खाण्यावरच्या नियंत्रणाचे दोन प्रकार वेगळे केले: ताठर आणि लवचीक. ताठर नियंत्रणात पदार्थ चांगले आणि वाईट अशा दोन रांगांत उभे असतात. लवचीक नियंत्रणात माणूस प्रमाणावर लक्ष ठेवतो, आवडीचं थोडं खातो आणि आज जास्त झालं तर पुढच्या एकदोन दिवसांत ते सहज सामावून घेतो. त्यांच्या आणि नंतरच्या पाहण्यांत ताठर मंडळींत ताबा सुटण्याचं प्रमाण जास्त दिसलं, लवचीक मंडळींत ते कमी आणि सरासरी वजनही कमी. अशा पाहणीवरून कारण आणि परिणाम कोणता हे छातीठोक सांगता येत नाही. कदाचित ज्यांचा ताबा सुटतो तेच घाबरून ताठर होत असतील. तरी दिशा स्पष्ट आहे.

लवचीक नियम रेषेऐवजी पट्टा आखतो. "साखर बंद" ऐवजी "गोड आठवड्यात तीन-चारदा, जेवणासोबत, वाटीत घेऊन." पण यातही एक खाच आहे. पाचव्यांदा गोड खाल्लं की पुन्हा "मोडलं!" म्हणणारं मन तेच आहे. म्हणून नियम करतानाच त्याचा दुसरा भाग लिहून ठेवायला हवा: मोडला तर काय करायचं. याचं उत्तर एकच आहे. पुढचं जेवण ठरल्या वेळी, नेहमीइतकं. भरपाई म्हणून उपास नाही, रात्रीचं जेवण रद्द नाही, उद्या दुप्पट चालणं नाही. भरपाईचा उपास हीच पुढच्या सुटण्याची पहिली पायरी असते.

आठवड्यातला एक "चीट डे" हा उपाय लवचीक वाटतो, पण तो जुनाच साचा आहे, फक्त परवानगीपत्रासह. सहा दिवस तुरुंग आणि सातव्या दिवशी गटारी.

सुरुवात सकाळच्या नाश्त्यापासून

अनावर खाण्यावरचा सर्वांत तपासलेला उपचार ऑक्सफर्डचे मनोविकारतज्ज्ञ ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी विकसित केला. त्याची सुरुवातीची मुख्य पायरी ऐकून लोक निराश होतात, कारण ती वेळेवर खाण्याची आहे. दिवसात तीन जेवणं आणि दोन-तीन छोटी खाणी, आणि जागेपणी दोन खाण्यांत तीन-चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. भूक असो वा नसो, घड्याळ बघून. सततच्या पथ्याने भुकेचा निरोप बिघडलेला असतो, म्हणून सुरुवातीला घड्याळावर भिस्त ठेवायची.

आपल्याकडे हे असं बसेल: आठला पोहे किंवा उपमा, अकराला फळ किंवा ताक, दीडला पोळी-भाजी-वरण-भाताचा डबा, पाचला चहाबरोबर मूठभर फुटाणे-शेंगदाणे, साडेआठला जेवण. यातलं पाचचं खाणं सर्वांत मोलाचं. ऑफिस सुटून घरी पोचेपर्यंतचा वेळ हा ताबा सुटण्याचा हमखास वेळ असतो, आणि तो रिकाम्या पोटी आला तर स्टेशनबाहेरचा वडापाव एकटा येत नाही.

सोबत एक छोटी वही ठेवायची. काय खाल्लं, किती वाजता, कुठे, आणि ताबा सुटल्यासारखं वाटलं का, एवढंच लिहायचं. कॅलरी लिहायच्या नाहीत. आठवडाभराने वही वाचली की बहुतेकांना एक गोष्ट सापडते. रात्री दहाला रिकामा झालेला चिवड्याचा डबा दुपारी दीडच्या काकडीच्या डब्यापासूनच सुरू झालेला असतो.

खाण्याच्या वेळा दोन-तीन आठवडे बसल्या की मग बंदी घातलेले पदार्थ परत आणायचे. त्यांची यादी करायची आणि कमी भीती वाटणाऱ्यापासून चढत्या क्रमाने लावायची. सुरुवात यादीतल्या पहिल्या पदार्थापासून. समजा तिथे पेढा आहे. पाव किलोचा पुडा आणायचा नाही, एकच पेढा आणायचा. दिवस बरा गेलेला असताना, जेवण झाल्यावर, बसून, शक्यतो कुणाबरोबर खायचा. नंतर अस्वस्थ वाटेल, ते अपेक्षितच आहे. तास-दीड तासात ते ओसरतं आणि मेंदूला पहिल्यांदाच कळतं की पेढ्यानंतर काहीच घडलं नाही. हे पाच-सहा वेळा झालं की पेढा नुसता पेढा उरतो. मग यादीत पुढचा पदार्थ.

मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी हे वेळापत्रक आणि यादी आधी आपल्या डॉक्टरांना दाखवावी.

चौकट: डॉक्टरांकडे कधी जायचं?

सणावारी जास्त जेवणं हा आजार नाही. पण आठवड्यातून किमान एकदा, असं तीन महिने, थोड्या वेळात खूप खाल्लं जातं आणि थांबणं हातात नाही असं वाटतं, भूक नसताना भरभर आणि पोट दुखेपर्यंत खाल्लं जातं, लाज वाटून ते एकट्याने खाल्लं जातं आणि नंतर स्वतःची किळस येते, तर हा अनावर खाण्याचा विकार असू शकतो. २०१३ पासून अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात त्याला स्वतंत्र स्थान आहे. खाल्लेलं मुद्दाम ओकून काढणं, रेचकं घेणं किंवा जगणं नकोसं वाटणं, यांतलं काहीही असेल तर थांबू नका. मनोविकारतज्ज्ञांना भेटा. भारत सरकारची टेलिमानस ही मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते.

उपचाराला जाताना एका गोष्टीची तयारी ठेवा. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य मार्गदर्शक सूचना २०१७ पासून सांगतात की या विकाराचा उपचार चालू असताना वजन उतरवण्यासाठी डाएट करू नये, कारण त्यानेच खाण्याचा ताबा पुन्हा सुटतो. आधी खाणं स्थिर होऊ द्या, वजनाचं नंतर बघता येईल.